खालचं वाक्य जरा गोड करून द्या

सोमवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा मेसेज आला. “ताई, खालचं वाक्य जरा आपुलकीच्या भाषेत करून द्या ना. फार कडक वाटतंय. आज रात्रीच पाठवायचंय.” मी खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. दोन मिनिटं थांबले, म्हटलं येईल मागोमाग. आलं ते हात जोडल्याचं चित्र.

मजकूर तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते. शेजारपाजारचे लोकही हक्काने काही ना काही पाठवतात, कधी लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर, कधी राजीनामा, कधी शाळेला लिहायचा अर्ज. त्यात ही एक जात ठरलेली. सूर बदलायची विनंती येते, पण ज्याचा सूर बदलायचा ते वाक्यच येत नाही. शिंप्याकडे जाऊन “जरा सैल करून द्या” म्हणायचं आणि सदरा घरी विसरायचा, तसला प्रकार.

वाक्य हरवतं कसं, हे साधं आहे. फोनवर आपण वाक्यावर बोट दाबून कॉपी करतो. मग ते चिकटवण्याआधी बँकेचा ओटीपी येतो, तोही कॉपी करतो. फोनच्या लेखी कॉपी केलेली शेवटची गोष्ट तेवढी खरी, म्हणजे वाक्य गेलं आणि ओटीपी उरला. काही कीबोर्ड आधीचे तुकडे थोडा वेळ सांभाळतात. गूगलचा जीबोर्ड साधारण तासभर ठेवतो, पण त्याची क्लिपबोर्डची सोय आधी चालू केलेली असावी लागते. विंडोजवर `Ctrl+V` ऐवजी `Win+V` दाबलं की मागच्या तुकड्यांची यादी उघडते, तीही एकदा चालू करून ठेवली असेल तरच. जीमेलसारख्या सेवा “सोबत जोडले आहे” अशा अर्थाचे इंग्रजी शब्द मजकुरात पाहून, फाइल नसेल तर पाठवण्याआधी टोकतात. पण “खालचं वाक्य” असं लिहून खाली वाक्यच नसेल तर टोकणारं कुणी नाही.

तरी यंत्राला दोष देऊन भागत नाही. काका ते वाक्य सकाळपासून मनात घोळवत होते. त्यांच्या लेखी ते माझ्यापर्यंत कधीच पोचलेलं होतं. एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात एक छान प्रयोग मांडला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. काकांची विनंती मला तशी टकटक ऐकू आली.

अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. अंदाजाने काहीतरी लिहून द्यायचं, किंवा वाक्य मागायचं. पहिला मार्ग मी एकदा चोखाळलाय.

तेव्हाही असाच बिनवाक्याचा मेसेज होता. आदल्या रविवारच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून खडाजंगी झाली होती, म्हणून मी धरून चालले की विषय तोच. हौसेने लिहिलं, “मंडळी, आपापली गाडी आपापल्या जागेत लावली तर रात्री उशिरा येणाऱ्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. तेवढं सांभाळूया.” त्यांनी न वाचता ग्रुपवर टाकलं. दोघांनी खाली जाऊन गाड्या हलवल्या, एकाने विचारलं की तक्रार नेमकी कुणाची आहे, आणि रात्री दहाला काकांचा फोन. मूळ वाक्य एकाच घराला जायचं होतं आणि ते त्या घरच्या कुत्र्याबद्दल होतं. माझं वाक्य तसं वाईट नव्हतं. फक्त ते कुणाचंच नव्हतं.

अंदाजाने लिहिलं की असंच होतं. आणि विषयाचा अंदाजच येत नसेल, तर लिहिणारा अशा वाक्यांकडे वळतो जी कुठेही चालतील. “नमस्कार, आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ धन्यवाद.” हे वाचून कुणाला आपुलकी वाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आत काही नसलेलं पाकीट नुसतं अत्तर लावून पाठवावं तसं ते असतं.

म्हणून मी काकांना उलट लिहिलं, “काका, वाक्य आलंच नाही हो. तेवढं पाठवा ना. आणि कुणाला जाणार आहे तेही सांगा.”

या तीन छोट्या वाक्यांकडे जरा नीट बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. “तुम्ही वाक्य जोडलेलं नाही” असंही मला लिहिता आलं असतं. माहिती तीच. पण त्यात “तुम्ही” कर्ता होतो आणि चूक त्याच्या पदरात पडते. “वाक्य आलं नाही” म्हटलं की कर्ता वाक्य. जणू तेच वाटेत कुठे रेंगाळलं. मराठीत ही सोय फार मोठी आहे. दूध उतू गेलं, कप फुटला, चावी विसरली, फोन करायचा राहिला. माणूस चित्रातून अलगद बाहेर निघतो, तरी काय झालं ते पूर्ण कळतं. यात लपवाछपवी नाही. ज्याच्या हातून कप फुटला त्याला ठाऊकच असतं, फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं टाळलेलं असतं.

नऊच्या आसपास वाक्य आलं. ते असं होतं :

“आपणाकडे ३ महिन्यांची देखभाल वर्गणी थकीत असून सदर रक्कम ८ दिवसांत न भरल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल याची कृपया नोंद घ्यावी.”

वाक्य व्याकरणाला धरून आहे. कडक का वाटतं, ते एकेक शब्द उचलून पाहावं लागतं.

सगळ्यात आधी “करण्यात येईल”. कोण करणार? इथे कुणी नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्यानंतर राज्याचा कारभार मराठीत येत गेला आणि सरकारी पत्रांची एक घडीव भाषा रूढ झाली. “कळविण्यात येते की”, “निदर्शनास आले आहे”, “मंजुरी देण्यात येत आहे”. सरकारी पत्रात याला कारण आहे. तिथे सही करणारा माणूस उद्या बदलून जातो, निर्णय पदाचा असतो, म्हणून माणूस वाक्यात ठेवत नाहीत. पण २४ घरांच्या इमारतीत, रोज जिन्यात भेटणाऱ्या काकांनी “करण्यात येईल” लिहिलं, की जिन्यातला माणूस गायब होतो आणि त्याच्या जागी कचेरी येऊन बसते.

मग “थकीत”, “सदर”, “कार्यवाही”, “नोंद घ्यावी”. हे शब्द चुकीचे नाहीत, फक्त कुणी बोलत नाही. त्यातही “पुढील कार्यवाही” सगळ्यात वाईट, कारण धमकी आहे आणि ती कसली आहे हे सांगितलेलं नाही. व्याज लागेल? पाणी तोडतील? नोटीस बोर्डावर नाव लावतील? वाचणारा आपल्या स्वभावाप्रमाणे यातलं सगळ्यात वाईट धरून चालतो.

आणि “कृपया”. काकांनी तो बहुधा मऊपणासाठीच घातला होता. संस्कृतातलं हे “कृपा” शब्दाचं तृतीयेचं रूप, अर्थ “कृपेने”. पण घरात, दुकानात, रिक्षात मराठी माणूस “कृपया” म्हणत नाही. “कृपया मीठ द्या” म्हणणारा पाहुणा कुणाला भेटला असेल तर कळवावं. हा शब्द आपल्याला दिसतो तो पाट्यांवर आणि ऐकू येतो तो रेल्वे स्टेशनवर. तेव्हा वाक्यात तो घातला की वाक्य मऊ होण्याऐवजी पाटी होतं. इंग्रजीत एक शब्द जोडून जे साधतं, ते मराठीत क्रियापदाच्या शेपटीत साधावं लागतं.

त्या शेपटीची करामत पाहण्यासाठी “भरणे” हे एकच क्रियापद घेऊ. शाळेत आपण क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. “वर्गणी भरा” हा आज्ञार्थ. “वर्गणी भरावी” हा विध्यर्थ, वरवर सौम्य, पण आज छापील सूचनांमुळे तो जास्तच थंड वाटतो. “वर्गणी भरलीत तर बरं होईल” हा संकेतार्थ, यात समोरच्याला नाही म्हणायला थोडी फट ठेवलेली आहे. आणि “वर्गणी भरायची राहिली आहे” हा चक्क स्वार्थ. म्हणजे नुसती हकीकत. यात आज्ञा नाही, विनंतीही नाही, तरी ऐकणारा उठून चेकबुक शोधतो. माझ्या मते चौघांत सगळ्यात आपलेपणाचा हाच, कारण पुढे काय करायचं हे समजण्याइतके तुम्ही शहाणे आहात असं तो गृहीत धरतो.

याच्या जोडीला आपल्याकडे दुसरं क्रियापद चिकटवायची पद्धत आहे, आणि खरा नाजूक खेळ तिथे आहे. “भरून टाका”, “भरून घ्या”, “भरून द्या”, “भरून ठेवा”. चारही ठिकाणी पैसे तेवढेच जातात. पण “टाका” म्हटलं की एक कटकट संपवून मोकळे व्हा, असा भाव येतो. “घ्या” म्हटलं की त्यात तुमचंच भलं आहे, “द्या” म्हटलं की माझ्यासाठी एवढं करा, आणि “ठेवा” म्हटलं की पुढच्या वेळेची तजवीज. फॉर्मच्या खिडकीवरचा कारकून “ही बाजू भरून द्या” म्हणतो, आणि “घाई नको, घरी जाऊन भरून घ्या” म्हणणारा कारकून लगेच चांगला वाटतो. तरी “भरून टाका” बरोबरीच्या मित्राला चालतं, सत्तरीच्या बाईंना लिहिलं तर उद्धटपणा होतो.

मग ते छोटे शब्द. जरा, तेवढं, ना, की, हं, बरं का. बोलताना हे आवाजावर तरंगतात, आणि लिहिताना आवाज जातो म्हणून यांच्यावर फार भार पडतो. “तेवढं” माझा लाडका. “तेवढं आज पाहा” म्हणताच काम आपोआप लहान होतं. “ना” मात्र दुधारी आहे. “भरा ना” यात लाडीगोडी आहे, “भरली ना?” यात तपासणी आहे. “भरा की” कोल्हापूर-साताऱ्याकडे ऐकलं तर त्यात जिव्हाळा असतो, पण तेच छापून पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर आलं की “किती वेळा सांगायचं?” असं वाचलं जातं. आणि “वेळेवर भरा हं” हे बालवाडीच्या बाईंचं वाक्य आहे, मोठ्या माणसाला पाठवू नये.

इथपर्यंतचं सगळं वाक्य नसतानाही मी काकांना सांगू शकले असते. पण यातलं कोणतं वापरायचं, हे वाक्य हाती आल्यावरसुद्धा सांगता येत नव्हतं. कारण माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नव्हतं. कुणाला?

“आपुलकीच्या भाषेत” म्हणणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या “तू” आणि “तुम्ही”बद्दल एक निबंध लिहिला होता, आजही भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो वाचावा लागतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही सर्वनामं दोन ताण एकाच वेळी सांभाळतात. एक, कोण वर आणि कोण खाली. दुसरा, कोण जवळ आणि कोण लांब. आपल्याला हे पटायला निबंध लागत नाही. आईला “तू” म्हणतो ते जवळची म्हणून. सासऱ्यांना “तुम्ही” म्हणतो ते मोठे म्हणून. आणि कित्येक घरांत बाबांना “तुम्ही” आणि आजोबांना “तू” असतं, तिथे हे दोन ताण एकमेकांशी भांडून कुठेतरी समेटावर आलेले असतात.

अडचण अशी, की वाक्य मऊ करायचं म्हणजे आदर वाढवायचा की अंतर कमी करायचं? मराठीत या दोन वाटा बहुतेक वेळा उलट दिशांना जातात. आदर वाढवत नेलं तर “तुम्ही”वरून “आपण”वर जावं लागतं, आणि “आपण” म्हटलं की खुर्चीवर चादर अंथरल्यासारखं होतं. अंतर कमी करायचं तर “आपण”वरून “तुम्ही”वर उतरावं लागतं, कधी “तू”पर्यंत. काकांच्या वाक्यातलं “आपणाकडे” आदराचंच होतं आणि म्हणूनच थंड होतं.

“आपण”चा आणखी एक घोटाळा आहे. हाच शब्द आदरार्थी “तुम्ही” म्हणून येतो आणि “मी नि तुम्ही मिळून” या अर्थानेही येतो. “आम्ही” म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, “आपण” म्हटलं की तो आत येतो. म्हणून सूर मऊ करायला सांगितलं की नवशिके लेखक सरसकट “करूया” लिहू लागतात. “आपण सगळे जिना स्वच्छ ठेवूया” हे ठीक, जिना सगळ्यांचाच आहे. पण ज्याची एकट्याची बाकी आहे त्याला “आपण वर्गणी वेळेवर भरूया” लिहिलं तर तो टोमणा होतो. त्याला पक्कं माहीत असतं की भरायची त्यालाच आहे, तुम्ही केव्हाच भरली आहे.

जुन्या पत्रांत ही सगळी ठरवाठरवी पहिल्या ओळीतच उरकलेली असे. ज्यांना घरी पत्रं लिहायची सवय होती त्यांना आठवेल. वडिलांना “तीर्थरूप”, आणि पुढे शि. सा. न. वि. वि., म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुलाला “चिरंजीव” आणि अनेक आशीर्वाद. हे मायने कोणत्या नात्याला कोणते, याची कोष्टकं असत, आणि पत्र कसं लिहावं याचे नियम सांगणारी “मेस्तकं” तर यादवांच्या काळातल्या हेमाडपंतांच्या नावावर सांगितली जातात. आज त्या मायन्यांना आपण हसतो. पण मायना लिहिल्याशिवाय पत्र सुरूच होत नसे, आणि मायना लिहायचा तर कोण कुणाला लिहितंय हे ठरवावंच लागे. मेसेजमध्ये तो गेला आणि त्याच्याबरोबर तो प्रश्नही गेला. तो आता मला फोन करून विचारावा लागतो.

काकांना फोन लावला. बाकी तिघांची होती, म्हणाले. एक दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्या वर्षानुवर्षं न चुकता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः चेक आणून देत, पण मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चेक थांबले. दुसरे एक गृहस्थ, ज्यांची बाकी दर वर्षी असते आणि दर वर्षी सेक्रेटरी बदलला की नवी कारणं असतात. तिसरं एक नवं जोडपं, ज्यांना खातं क्रमांकच कुणी दिला नव्हता. काका तिघांना एकच वाक्य पाठवणार होते.

आजींसाठी आम्ही हे केलं :

“नमस्कार आजी. एप्रिल, मे आणि जून अशी ३ महिन्यांची वर्गणी भरायची राहिली आहे. दरमहा २,४०० प्रमाणे ७,२०० रुपये होतात. १५ जुलैपर्यंत चेक मिळाला की पुरे. तुम्ही जिना उतरू नका, तयार झाला की फोन करा, मी वर येऊन घेऊन जाईन.”

यात “कृपया” नाही, “धन्यवाद” नाही, तब्येतीची लांबलचक विचारपूसही नाही. आपुलकी आहे ती शेवटच्या वाक्यात, आणि ती शब्दांची नाही, कामाची आहे. “मी वर येऊन घेऊन जाईन”. “करण्यात येईल”मधून गायब झालेला माणूस परत आला. गुडघ्याचा उल्लेख न करता गुडघ्याची आठवण ठेवली. मूळ वाक्यापेक्षा हे मोठं झालं, पण त्यात पूर्वी नसलेली माहितीही आली. कोणते महिने, नेमके किती रुपये, कोणती तारीख. “८ दिवसांत” लिहिलं की मेसेज कधी वाचला यावर दिवस मोजले जातात, तारीख लिहिली की प्रश्न मिटतो. कडक वाक्य मऊ करताना निम्मं काम असं धूसर होतं ते स्पष्ट करण्यानेच होतं. माणूस बिथरतो तो बरेचदा शब्दांना नाही, संदिग्धपणाला.

नव्या जोडप्याला तर सूर बदलायची गरजच नव्हती. खातं क्रमांक देऊन “हा आधीच द्यायला हवा होता, आमच्याकडून राहिला” एवढं लिहिलं. इथे “आमच्याकडून” मुद्दाम घातलं. चूक आपली असेल तेव्हा कर्ता लपवायचा नाही.

राहिले ते गृहस्थ. त्यांच्याबाबतीत मी काकांना स्पष्ट सांगितलं की इथे आपुलकी नको. “जमलं तर बघा ना” असं त्यांना लिहिणं म्हणजे आणखी ६ महिन्यांची मुदत देणं. त्यांना मूळ वाक्यापेक्षाही कोरडं, पण नीट वाक्य हवं : “तुमच्याकडे एप्रिल ते जूनची वर्गणी ७,२०० रुपये बाकी आहे. ती १५ जुलैपर्यंत भरावी. त्यानंतर सोसायटीच्या नियमाप्रमाणे व्याज आकारलं जाईल.” धमकी गेली आणि परिणाम आला. उद्या हे प्रकरण वसुलीच्या कायदेशीर वाटेने गेलं तर हाच कागद पुढे येणार, तिथे “तेवढं”, “ना” आणि हसरे चेहरे अंगावर येतात.

सूर बदलून झाल्यावर मी दोन गोष्टी न चुकता तपासते. पहिली, मूळ वाक्यातला प्रत्येक आकडा, तारीख आणि अट नव्या वाक्यात आहे का. गोड करण्याच्या नादात सगळ्यात आधी गळते ती तारीख, कारण तीच बोचत असते. मग वाचणारा म्हणतो, किती छान मेसेज आहे, आणि काहीच करत नाही. दुसरी, हे वाक्य त्या माणसाच्या दारात उभं राहून तोंडाने म्हणता येईल का. “आजी, वर्गणी भरायची राहिली आहे” हे म्हणता येतं. “आजी, सदर रक्कम न भरल्यास” हे म्हणायला गेलं तर आपल्यालाच हसू येतं. आणि “आपल्या बहुमूल्य सहकार्याची अपेक्षा” हेही म्हणता येत नाही, मग ते कितीही गोड असो.

हे सगळं करायला त्या रात्री आम्हाला फोनवर वीस मिनिटं लागली. त्याआधीचे अडीच तास वाक्याची वाट पाहण्यात गेले होते.

तेव्हा तुम्हालाही कुणाकडून एखादं वाक्य मऊ करून घ्यायचं असेल, तर क्रम उलटा करा. आधी वाक्य चिकटवा, जसं आहे तसं, रागात लिहिलेलं असलं तरी; ते दुरुस्त करून पाठवू नका, कारण राग कुठे आहे हे त्यातूनच कळतं. त्याच्याखाली ते कुणाला जाणार आहे आणि तो माणूस तुमचा कोण, हे एका ओळीत लिहा. विनंती सगळ्यात शेवटी. आणि “पाठवा”वर बोट ठेवण्याआधी एकदा वर बघा, वाक्य आहे ना?